सातव्या महिन्यात काय होतं? सर्वेक्षणाचे आकडे आणि मुलाखती एकाच चर्चेत आणताना: एक प्रकरण अभ्यास

ही हकिगत एका पीएचडी प्रबंधाच्या ‘चर्चा’ प्रकरणाची आहे. विषय होता गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या, म्हणजे गावात ज्यांना ‘लाल गोळ्या’ म्हणतात त्या. मी सहमार्गदर्शक होते. ओळख पटू नये म्हणून तालुका सांगत नाही आणि नेमके आकडेही थोडे बदलले आहेत. प्रमाणं आणि घडामोडींचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

## पार्श्वभूमी

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रम 2018 साली सुरू झाला. त्यानुसार गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे 180 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. गोळ्या फुकट मिळतात आणि आशाताई त्या घरपोच देतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभरात निदान 100 दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या माता 44.1 टक्केच होत्या. आमच्या संशोधिकेचा प्रश्न सरळ होता: गोळ्या घरात पोचतात, मग पोटात का जात नाहीत?

तिने आधी सर्वेक्षण आणि मग मुलाखती असा आराखडा घेतला. मागच्या सहा महिन्यांत बाळंत झालेल्या 240 बायकांची प्रश्नावली भरून घेतली. त्यातल्याच 16 जणींशी नंतर सविस्तर बोलली. त्यांपैकी 12 जणी 100 पेक्षा कमी गोळ्या घेतलेल्या होत्या, तर चौघींनी 100 किंवा जास्त घेतल्या होत्या. सर्वेक्षण कोणाशी बोलायचं ते ठरवणार आणि मुलाखती सर्वेक्षणाचा अर्थ लावणार, ही कल्पना कागदावर छान होती.

निकाल असे आले. 240 पैकी 204 जणींना, म्हणजे 85 टक्के बायकांना, 100 किंवा जास्त गोळ्या मिळाल्या होत्या. प्रत्यक्षात तेवढ्या घेतल्या होत्या फक्त 96 जणींनी, म्हणजे 40 टक्क्यांनी. उरलेल्या 144 जणींना गोळ्या सोडण्याचं मुख्य कारण विचारलं होतं. 75 जणींनी ‘मळमळ किंवा पोटाचा त्रास’ सांगितलं, 36 जणींनी ‘विसरले’, 21 जणींनी ‘मिळाल्या नाहीत’ आणि 12 जणींनी ‘इतर’.

## अडचण

चर्चेचा पहिला मसुदा माझ्याकडे आला तेव्हा तो 34 पानांचा होता. पहिली 19 पानं आकड्यांची, पुढची 15 मुलाखतींची. मधे एकच जोडवाक्य होतं: ‘मुलाखतींतील निष्कर्ष सर्वेक्षणाच्या निष्कर्षांना पुष्टी देतात.’

आकड्यांच्या भागात लिहिलं होतं, ‘गोळ्या न घेण्याचे प्रमुख कारण मळमळ (52 टक्के) हे आहे.’ बारा पानांनंतर मुलाखतींच्या भागात होतं, ‘बाळ मोठे होईल ही भीती आणि सासूचा विरोध या प्रमुख अडचणी आहेत.’ दोन्हीकडे ‘प्रमुख’ हाच शब्द. मळमळ प्रमुख असेल तर भीती प्रमुख कशी, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच, आणि मसुदा त्यावर गप्प होता. उलट ‘पुष्टी देतात’ म्हणून त्याने तो प्रश्न झाकून टाकला होता.

यात तिची एकटीची चूक नव्हती. वर्षभरापूर्वी मीच तिला म्हटलं होतं, की निकालांची दोन स्वतंत्र प्रकरणं कर म्हणजे गोंधळ होणार नाही. निकालांपुरतं ते योग्यच होतं. पण तीच विभागणी चर्चेतही जशीच्या तशी उतरेल, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

असा मसुदा ओळखायची एक सोपी खूण आहे. चर्चेतल्या कुठल्याही परिच्छेदात मुलाखतींच्या वाक्यांवर हात ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. अर्थ तोच राहत असेल तर मुलाखत तिथे फक्त शोभेला आली आहे. मग आकड्यांवर हात ठेवून तेच करायचं. या मसुद्यातल्या एकाही परिच्छेदाला हात ठेवल्याने काही फरक पडत नव्हता.

## समोरचे पर्याय

आम्ही तीन वाटांचा विचार केला.

पहिली वाट कमी कष्टाची होती: आकड्यांचा भाग तसाच ठेवून प्रत्येक आकड्याखाली एक बोलकं अवतरण घालायचं. बरेच प्रबंध हेच करतात. पण मळमळीच्या आकड्याखाली मळमळीचंच अवतरण शोधून घातलं, की विसंगती आणखी खोल गाडली जाते. ही वाट आम्ही सोडली.

दुसरी वाट म्हणजे मुलाखतींचे आकडे करायचे: 16 पैकी इतक्या जणी हे म्हणाल्या, मग टक्केवारी काढून सर्वेक्षणाशेजारी ठेवायची. हिचा मोह संशोधिकेला जास्त होता, कारण बाह्य परीक्षक संख्याशास्त्राचे असणार होते. मी नाही म्हटलं. ज्या 16 जणी मुद्दाम निवडल्या, त्यातही 12 कमी गोळ्या घेतलेल्या, त्यांच्या टक्केवारीला तालुक्यापुरताही अर्थ नाही.

तिसरी वाट जोडतक्त्याची. एकाच प्रश्नावर डावीकडे आकडा, मधे मुलाखती आणि उजवीकडे दोन्ही मिळून काय कळलं ते. फेटर्स, करी आणि क्रेसवेल यांनी 2013 च्या लेखात दोन धाग्यांच्या मेळाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दोन्ही एकच सांगतात, एक दुसऱ्यात भर घालतो, किंवा दोन्ही विरुद्ध जातात. उजव्या रकान्यात यातलं एक लिहावंच लागतं. ‘पुष्टी देतात’ असं सरसकट म्हणून सुटता येत नाही. आम्ही ही वाट घेतली आणि सहा ओळींचा तक्ता केला. चार ओळी पटकन भरल्या. दोन ओळींनी आमचे पाच आठवडे घेतले, आणि पुढे त्या दोनच ओळी चर्चेचा कणा झाल्या.

## पहिली अडलेली ओळ: मळमळ

डाव्या रकान्यात 75 जणी, 52 टक्के. मधल्या रकान्यासाठी संशोधिकेने 16 मुलाखती पुन्हा वाचल्या. मुलाखत दिलेल्या 12 ‘कमी’ गटातल्या बायकांपैकी सात जणींनी सर्वेक्षणात मळमळ सांगितली होती. मुलाखतीत त्यातल्या दोघींनीच ती खरी अडचण म्हणून मांडली. उरलेल्या पाच जणी दुसरंच बोलत होत्या. एका मुलाखतीतला हा तुकडा:

‘मळमळ व्हायचीच की पहिल्यांदा. आठ-दहा दिवस. मग गेली ती. सातव्यात ओटी भरली न् मी माहेरी आले. आई म्हणली, आता पुरं कर त्या गोळ्या, बाळ लई मोठं झालं तर सिझर करावं लागंल.’

‘मग फॉर्म भरताना मळमळ सांगितली होती ना तुम्ही?’

‘ताई, आशाताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनीच हातानं आणून दिलेल्या गोळ्या. त्यांच्यासमोर कसं म्हणायचं, मुद्दाम सोडल्या म्हणून?’

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. विसंगती दिसली की दोनातला एक धागा खरा आणि दुसरा खोटा ठरवायची घाई होते. संशोधिकेचं मत होतं, ‘मॅडम, मळमळीचा आकडा काढूनच टाकूया.’ मी तिला म्हटलं, ‘पाच मुलाखतींच्या जोरावर तू 75 जणींचं उत्तर पुसू शकत नाहीस. पण त्या पाच जणींनी एक धागा दिलाय. तो धरून परत सर्वेक्षणात जा.’ ओ’कॅथेन, मर्फी आणि निकोल यांनी 2010 मध्ये ज्या तीन पद्धती मांडल्या, त्यातली ही एक: एका बाजूला सापडलेला प्रश्न उचलायचा आणि दुसऱ्या बाजूच्या माहितीत त्याचा माग काढायचा.

धागा होता ‘सातवा महिना’. प्रश्नावलीत ‘गोळ्या कोणत्या महिन्यात बंद केल्या?’ असा प्रश्न होता, पण कारणाशी लावून तो कधी पाहिलाच नव्हता. पाहिल्यावर कळलं, की मळमळ सांगणाऱ्या 75 जणींपैकी 51 जणींनी सातव्या महिन्यात किंवा त्यानंतर गोळ्या सोडल्या होत्या. लोहाच्या गोळीचा त्रास साधारणपणे ती सुरू केल्यावर लगेच जाणवतो. या बायकांना गोळ्या बहुतेक पाचव्या महिन्यात सुरू झाल्या होत्या. मळमळच कारण असती, तर बऱ्याच जणींनी पाचव्या-सहाव्यातच सोडल्या असत्या.

म्हणजे जो संशय मुलाखतींनी दिला, त्याचा पुरावा सर्वेक्षणातच पडून होता. आणि उलट बाजूने, ‘आशाताई शेजारी होत्या’ हे त्या पाच जणींतल्या काहींचं म्हणणं किती मोठ्या गटाला लागू असू शकतं, याचा अंदाज 51 या आकड्याने दिला. तरी आम्ही ‘51 जणी खोटं बोलल्या’ असं लिहिलं नाही. छातीत जळजळ शेवटच्या महिन्यांतही होते आणि बाई तिला पोटाचा त्रासच म्हणते. शिवाय मळमळ खरी झालेलीच असते. फक्त ती गोळी सुटण्याचं कारण नसते, सांगण्याजोगं कारण असते.

## धागा पुढे: ओटी आणि माहेर

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. मुलाखतींत याच्याशी जोडलेली दोन वेगळी कारणं होती. एक म्हणजे मोठ्या बाळाची आणि सिझरची भीती. दुसरं अगदी साधं: गोळ्यांची पिशवी सासरी फळीवरच राहिली, आणि माहेरच्या आशाताईंच्या यादीत हिचं नाव नव्हतं, कारण नोंदणी सासरच्या उपकेंद्रात झालेली.

सर्वेक्षणात ‘शेवटचे दोन महिने कुठे राहिलात?’ हा प्रश्न प्रवासखर्चाच्या संदर्भात विचारलेला होता. तो आता कामाला आला. माहेरी राहिलेल्या 90 पैकी 24 जणींनी (27 टक्के) 100 गोळ्या पूर्ण केल्या होत्या, सासरी राहिलेल्या 150 पैकी 72 जणींनी (48 टक्के). काय-स्क्वेअर 10.67, फरक योगायोगाचा वाटत नव्हता.

पण माहेरी पहिलटकरणीच जास्त जातात, तेव्हा हा फरक माहेराचा की पहिल्या खेपेचा? म्हणून दोन गट वेगळे केले. पहिलटकरणींमध्ये माहेरी 70 पैकी 18 आणि सासरी 50 पैकी 23, म्हणजे 26 विरुद्ध 46 टक्के. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या बायकांमध्ये माहेरी 20 पैकी 6 आणि सासरी 100 पैकी 49, म्हणजे 30 विरुद्ध 49. फरक दोन्हीकडे टिकला, पण दुसऱ्या गटात माहेरी अवघ्या 20 जणी असल्याने तिथे ठाम काही म्हणता येत नव्हतं.

हे विश्लेषण आधी ठरवलेलं नव्हतं, मुलाखती वाचल्यावर सुचलं होतं. त्यामुळे प्रबंधात ‘मुलाखतींनंतर केलेली शोधक तपासणी’ अशा वेगळ्या मथळ्याखालीच ते आलं. संशोधिकेला वाटत होतं, याने निष्कर्षाचं वजन कमी होईल. माझ्या मते हे लपवलं असतं तर ती बेइमानी झाली असती. गृहीतक आधी होतं असं भासवून p-मूल्य छापणं आणि मुलाखतीतून प्रश्न मिळाला म्हणून शोध घेतला असं सांगणं, यात फार अंतर आहे.

## दुसरी अडलेली ओळ: सासू

ही ओळ उलट दिशेने अडली. मुलाखतींमधला सगळ्यात जिवंत भाग सासूचा होता. ‘आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या’ हे वाक्य वेगवेगळ्या घरांतून आलं होतं. पहिल्या मसुद्यात त्यावर चार पानं होती आणि सासवांचं समुपदेशन करावं अशी शिफारसही.

सर्वेक्षणात मात्र सासू घरात असलेल्या 150 पैकी 62 जणींनी (41 टक्के) गोळ्या पूर्ण केल्या होत्या, सासू नसलेल्या 90 पैकी 34 जणींनी (38 टक्के). फरक नाही म्हटलं तरी चालेल.

संशोधिकेला हा आकडा चर्चेत घ्यायचाच नव्हता, कारण त्याने तिचा सर्वांत चांगला भाग पडत होता. मी आग्रह धरला. मग पुन्हा मुलाखती उघडल्या, आणि यावेळी पूर्वी बाजूला राहिलेल्या, गोळ्या पूर्ण केलेल्या चौघींच्या आधी वाचल्या. त्यातल्या तिघींच्या बोलण्यातही सासू होती. एकीची सासू रात्री जेवणं झाल्यावर गोळी आणि तांब्या हातात द्यायची. ‘कमी’ गटातल्या सहा जणींची सासू अडवणारी, ‘पूर्ण’ गटातल्या तिघींची सासू आठवण करणारी.

आकडा आणि मुलाखती एकमेकांना खोडत नव्हत्या. सर्वेक्षणाने मोजली होती सासूची हजेरी. मुलाखतींत दिसत होती तिची बाजू. घरात सासू आहे एवढंच विचारलं, तर अडवणाऱ्या आणि आठवण करणाऱ्या एकत्र येऊन सरासरी सपाट होणारच. हे स्पष्टीकरण सिद्ध झालेलं नाही, कारण सर्वेक्षणात सासूची बाजू विचारलीच नव्हती. चर्चेत तसंच लिहिलं. पण ‘सासूचा विरोध ही प्रमुख अडचण’ हे वाक्य गेलं. मुलाखतींतल्या तीन-चतुर्थांश बायका ‘कमी’ गटातून निवडलेल्या होत्या, त्यामुळे विरोध करणारी सासू आम्हाला जास्त भेटणारच होती.

## मसुदा कसा बदलला

चर्चा पद्धतींनुसार न लावता प्रश्नांनुसार लावली: गोळ्या कधी सुटतात, का सुटतात, घरात कोण ठरवतं. तक्त्याच्या मुख्य ओळी अशा दिसत होत्या:

| प्रश्न | सर्वेक्षण | मुलाखती | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|
| का सुटतात? | मळमळ 52%. त्यातल्या 75 पैकी 51 सातव्यात किंवा नंतर | मोठ्या बाळाची भीती. आशाताईंसमोर सांगता येत नाही | विरुद्ध. मळमळ हे काही जणींचं सांगण्याजोगं कारण |
| कधी सुटतात? | माहेरी 27%, सासरी 48% पूर्ण | पिशवी सासरी, नाव यादीत नाही | भर. नोंदणीचा आणि भीतीचा वाटा वेगळा करता येत नाही |
| कोण ठरवतं? | सासू असली तरी-नसली तरी सारखंच | सासू दोन्ही बाजूंना | विरुद्ध वाटतं. हजेरी आणि बाजू वेगळ्या |

जुनं वाक्य होतं, ‘गोळ्या न घेण्याचे प्रमुख कारण मळमळ हे आहे.’ त्याजागी आलेला परिच्छेद असा:

‘कमी गोळ्या घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी मळमळ हे कारण दिले, परंतु त्यांच्यापैकी 51 जणींनी गोळ्या सातव्या महिन्यात किंवा त्यानंतर बंद केल्या, जेव्हा हा त्रास एरवी ओसरलेला असतो. सर्वेक्षणात मळमळ सांगितलेल्या सातपैकी पाच स्त्रियांनी मुलाखतींत सातव्या महिन्यानंतरची मोठ्या बाळाची भीती सांगितली, आणि आशा कार्यकर्तीच्या उपस्थितीत ती बोलता आली नाही असेही काहींनी नमूद केले. त्यामुळे 52 टक्के हा आकडा मळमळीचे प्रमाण म्हणून नव्हे, तर मळमळ व न सांगता आलेली कारणे यांची एकत्रित नोंद म्हणून वाचावा.’

यातल्या कुठल्याही एका बाजूवर हात ठेवला, तर शेवटचं वाक्य उभं राहत नाही.

## निष्पत्ती

34 पानांची चर्चा 22 पानांवर आली. शिफारशीही बदलल्या. ‘दुष्परिणामांबाबत जागृती’ खाली गेली. वर आलं ते सातव्या महिन्यात बाई माहेरी निघण्याआधी उरलेल्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत गेलंय का, हे पाहणं आणि माहेरच्या आशाताईंना फोन करणं. सिझरच्या भीतीबद्दल बोलायचं तर माहेरच्या आईशीही बोलायला हवं, हे पहिल्या मसुद्यात कुठेच नव्हतं.

तोंडी परीक्षेत संख्याशास्त्राच्या परीक्षकांनी त्या 20 जणींच्या गटावरच बोट ठेवलं. मर्यादा आधीच छापलेली असल्याने संशोधिकेला बचाव करावा लागला नाही. दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं, भीतीचा वाटा किती आणि नोंदणीचा किती? तिने उत्तर दिलं, की 51 पैकी 33 जणी माहेरी आणि 18 सासरी होत्या, त्यामुळे नुसती नोंदणी हे उत्तर पुरत नाही. पण याहून पुढे या माहितीतून जाता येत नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

सर्वेक्षणाच्या वेळी आशाताईंना घर दाखवून बाहेर थांबायला सांगायला हवं होतं. कारणांच्या यादीत ‘घरच्यांनी नको म्हटलं’ आणि ‘बाळ मोठं होईल असं वाटलं’ हे पर्यायच नव्हते. आधी पाच-सहा जणींशी मोकळं बोलून यादी केली असती, तर ते आले असते.

मला जास्त खटकते ती तिसरी गोष्ट. मळमळीचं कारण आणि बंद केल्याचा महिना, दोन्ही रकाने पहिल्या मुलाखतीच्या चार महिने आधीपासून त्याच एक्सेल शीटमध्ये होते. सर्वेक्षण संपल्यावर आम्ही प्रत्येक प्रश्नाची वारंवारिता काढली आणि त्यावरून कोणाला भेटायचं ते ठरवलं. काय विचारायचं, हे मात्र आकड्यांवरून ठरवलं नाही. मुलाखत-मार्गदर्शिका आराखडा मंजूर झाला तेव्हाचीच राहिली. ते दोन रकाने एकमेकांवर ठेवले असते, तर ‘सातव्या महिन्यात नेमकं काय झालं?’ हा प्रश्न पहिल्या मुलाखतीपासून विचारला गेला असता. प्रत्यक्षात तो पाचव्या मुलाखतीपासून आला, तोही एका बाईने स्वतःहून ओटीचा विषय काढला म्हणून. आधीच्या चार जणींना परत भेटायचं ठरलं होतं. तोवर दोघी सासरी परतल्या होत्या आणि त्यांची गाठ पडली नाही.